रितेशची टिकमार्क

थोरल्या दिरांच्या, रितेशच्या, मुंबईहून चालणाऱ्या काळजीचं निशिगंधाला मनापासून हसू यायचं. अण्णा, म्हणजे सासरे रावजी, कुडपण गावाहून महाडला तिच्याकडे आले ते रक्तदाबाच्या दुखण्यापायी. डोळे अधू, गोळ्या एकमेकींसारख्या दिसायच्या, म्हणून घ्यायच्या त्या दुसऱ्याच्या हातून. नवरा भरत औद्योगिक वसाहतीत पाळीला, ही शाळेत शिकवायला. मग भरतने मोबाईलवर सगळ्यांसाठी एक तक्ता केला: गोळी दिली की खूण करायची, डॉक्टरांची तारीख खाली लिहायची.

रितेशने तक्ता बघितला आणि त्याला कर्तव्याचा पुळका आला. रोज सकाळी फोन. "अण्णा, गोळी घेतली?" अण्णा म्हणायचे, "घेतली." लगेच मुंबईतून खूण. खूण झाली की साहेब दिवसभर श्रावणबाळ म्हणून मिरवायला मोकळे.

डॉक्टरांकडे जायच्या दिवशी तो गाडी घेऊन आलाच. दवाखान्यात त्याने तक्ता असा दाखवला, जणू स्वतःचा निकालच. एकही चौकोन रिकामा नाही. दाब मात्र फार वर. डॉक्टर म्हणाले, गोळी नियमित असूनही हे असं असेल तर मात्रा वाढवावी लागेल.

निशिगंधा पिशवीतून जुनी चिठ्ठी काढत होती, तेव्हा हाताला पाकिटं लागली. सकाळच्या गोळीची जवळजवळ भरलेली. खूण दिसली की ती समजायची, भरत पाळीला जाताना देऊन गेला. भरत समजायचा, निशिगंधाने दिली. दोघांनी चौकोनाला औषध पाजलं होतं. हसत होती रितेशला, आणि स्वतः तरी काय वेगळं केलं होतं? तिला स्वतःचाही संताप आला.

डॉक्टरांनी पाकिटं पाहिली आणि लेखणी खाली ठेवली. मात्रा वाढवली नाही. आधीचीच गोळी रोज नीट द्या, घरी दाब मोजून लिहा, पुढच्या आठवड्यात या, म्हणाले.

"अण्णा, मग 'घेतली' असं का सांगायचात?" रितेशचा चेहरा उतरला होता.

"तू लांब राहतोस रे. नाय म्हणलं तर जिवाला घोर लागंल. घरात दोघं हायत ना द्यायला."

रितेशने तेवढ्यात तक्त्यात रंग घालायची सूचना केली. या माणसापुढे कपाळ बडवून काय उपयोग, असं निशिगंधाला वाटलं. घरी येताच तिने भरतला सांगून रितेशला तक्ता फक्त बघायची मुभा ठेवली आणि खुणेऐवजी देणाऱ्याचं नाव नि वेळ लिहायचा रकाना करून घेतला.

दुसऱ्या दिवशी सकाळी ती गोळी नि पाणी घेऊन उभी होती. फोन वाजला. अण्णांनी कानाला लावला, तिच्या तळहातावरच्या गोळीकडे बघितलं आणि म्हणाले, "घेतली, घेतली."

तिने फोन काढून घेतला. "भाऊजी, अजून माझ्या हातात आहे," ती म्हणाली आणि गोळी अण्णांच्या जिभेवर ठेवली.