गोठ्यातल्या नागाचे डोळे

लग्न होऊन मेडशीला आले तेव्हा मला दोनच गोष्टी बऱ्या येत होत्या, भाकरी आणि लिहिणे. भाकरी सगळ्यांनाच येते, त्यामुळे माझी ओळख लिहिण्यावरून झाली. घरात माणसे सोळा, शिवाय निंदणाला येणाऱ्या बाया वेगळ्या. कोणते काम कोणी कधी करायचे याची यादी मी आदल्या संध्याकाळी करून स्वयंपाकघराच्या दारामागे खिळ्याला लावून ठेवी. सासूबाईंना वाचता येत नव्हते. पण कागद लागला की कामे वेळेवर होतात हे त्यांनी पाहिले होते, म्हणून त्या काही बोलत नसत. धाकट्या जावेला थोडेफार वाचता येई. तिचे माहेर किन्हीराजा गावाचे. घरात येऊन तिला पाच महिने झाले होते, आणि यादीत जे असेल ते ती न विचारता करी.

त्या वर्षी नागपंचमीच्या आधी निंदणाची फार घाई होती, म्हणून मी पंचमीची आणि दुसऱ्या दिवसाची यादी एकाच कागदावर, मधे रेघ मारून लिहिली. नागपंचमीला आमच्याकडे विळी चालत नाही, तवा ठेवत नाहीत, जमीन उकरत नाहीत. मला हे ठाऊक नव्हते असे नाही. पण ‘गवार चिरणे’ हे दुसऱ्या दिवसाचे काम मी रेघेच्या वर लिहिले. पंचमीच्या सकाळी मी वारुळाच्या पूजेचे ताट घेऊन बाकीच्या बायांबरोबर गेले होते. परत आले तर जाऊ विळीवर बसलेली, टोपलीभर गवार चिरून झालेली, आणि समोर सासूबाई उभ्या.

“पंचमीचं विळीवर बसते. तुह्या मायनं एवढंबी नाई शिकवलं?” सासूबाई म्हणाल्या.

जाऊ माझ्याकडे पाहत होती. यादीत होते म्हणून केले, एवढे म्हटले असते तरी पुरे होते. ती बोलली नाही. मीही बोलले नाही. गवार गाईला घालण्यात आली आणि तो दिवस पार पडला.

दुसऱ्या दिवशी सकाळी सालदार, वर्षाच्या बोलीवर ठेवलेला आमचा गडी, गोठ्यातून धावत आला. पाण्याच्या डोणीमागे, भिंतीच्या दगडांच्या फटीत नाग होता. त्याचे अंग राखेत लोळल्यासारखे मळकट दिसत होते. सालदाराने लांबून कंदील धरला तेव्हा डोळ्यांच्या जागी दोन निळसर-पांढरे ठिपके दिसले, दुधाचा थेंब पाण्यात पडावा तसे.

“आंधळा झाला,” सासूबाई म्हणाल्या. मग जरा थांबून, “केला.”

घराच्या राखणदाराचे डोळे सुनेच्या विळीने गेले, ही गोष्ट दुपारपर्यंत गल्लीत पोचली. जावेने चुलीला हात लावायचा नाही, एक वेळ अळणी जेवायचे आणि रोज डोणीजवळ दिवा लावायचा, असे ठरले. किन्हीराजाला निरोप गेला: दहाव्या दिवशी भावाने येऊन तिला घेऊन जावे. परत कधी आणायचे, ते निरोपात नव्हते. दीर, म्हणजे तिचे यजमान, आईसमोर मान खाली घालून बसले आणि मग डवरणीसाठी बैलजोडी घेऊन वावरात गेले.

पंचमीसाठी गावात आलेला गारुडी अजून मारुतीच्या देवळामागे होता. नाग धरून रानात सोड, म्हणून घरातल्या मोठ्या माणसांनी त्याला बोलावले. साठीचा, बारीक माणूस. तो डोणीपासून दहा पावलांवर उकिडवा बसला, बराच वेळ पाहत राहिला आणि हसला.

“कायले हसून राह्यला?” सासूबाई म्हणाल्या.

“माय, हा आंधळा नाई. कात टाकाले बसला हाय.”

“डोयाले कात असते?”

“असते ना. सापाले पापनी नाई. पापनीच्या जागी काचेवानी खवला असते, अन तो बी कातीबरोबर निंघते.” त्याने मला विचारले, “बाई, तूर भिजत घालता ना? टरफल कसं सुटते?”

“डाळ आणि टरफलाच्या मधे पाणी शिरतं, मग सुटतं,” मी म्हणाले.

“तसंच. जुन्या चामडीखाली नवी तयार झाली, का दोघींच्या मंधात पानी सुटते. डोयाच्या खवल्याखाली बी सुटते, म्हनून धुकं दिसते. चार-पाच दिवसांनी पानी जिरते अन डोये निवळतेत. मंग अजून तीन-चार दिवसांनी कात.”

“मग आज धरून घेऊन जा,” मी म्हणाले.

“आज नाई धरत. नवी चामडी कच्ची हाय, हात लागला का फाटते. अन त्याले आता नीट दिसत नाई, म्हनून सावलीवर बी फना मारते. ढोरं दुसरीकडं बांधा. डोणीचा ओलावा राहू द्या, त्याच्यासाठीच तो इथं आला. सुकं असलं तर कात तुकड्या-तुकड्यानं निंघते, डोयावर तशीच चिकटून राहते.”

सासूबाईंनी दुधाची वाटी आणली होती. गारुडी म्हणाला, “तो काई खात-पीत नाई आता. दूध माह्यासाठी ठेवा.” वाटी त्याने तिथेच रिकामी केली.

तो गेल्यावर सासूबाई म्हणाल्या, “पोटासाठी बोलते तो. कोनाच्याबी घरी गोड बोलीन.”

मी वेगळी वही काढली. यादीचा कागद नव्हे, वही. रोज सकाळी उजेड डोणीच्या बाजूने आत येतो तेव्हा गोठ्याच्या दारातल्या आडव्या लाकडापलीकडून पाहायचे आणि लिहायचे. पहिला दिवस: डोळे दुधाळ. दुसरा: तसेच, जास्त. तिसरा: अंगाचा रंग आणखी मेलेला, हलला नाही. चौथा: तसेच. जाऊ माझ्यामागे दिवा घेऊन उभी राही. एकदा तिने विचारले, “बाई, हा खरंच पाहीन ना पुन्हा?” मी म्हणाले, “गारुडी म्हणतो.” माझे स्वतःचे असे मला काहीच म्हणता येत नव्हते, आणि तेच मला टोचत होते.

पाचव्या दिवशी डोळे निवळले. काळे, चकचकीत, जिवंत. कात मात्र जागची हलली नव्हती. मी सासूबाईंना हात धरून गोठ्यात नेले. मला वाटले, प्रश्न मिटला.

त्यांनी पाहिले, हात जोडले आणि म्हणाल्या, “पावला. अळणीचा गुण आला.” मग माझ्याकडे वळल्या. “म्हंजे पाप झालंच होतं. नाईतर प्रायश्चित्त लागू कशाले पडलं असतं?”

हे माझ्या डोक्यातच आले नव्हते. ज्यावर मी भिस्त ठेवली होती, तेच उलटले होते. मी गोठ्यातच सांगून टाकले, की गवार मी लिहिली होती. दोन दिवस एका कागदावर लिहिले आणि ओळ चुकली. जाऊ फक्त ते वाचून विळीवर बसली.

“पाच दिवस कुठं होती तू?” सासूबाईंनी विचारले. “कागद तुहा असन, पन विळी तिच्या पायाखाली होती. निरोप गेला तो गेला.”

चूक माझी होती, हे जावेला मी संध्याकाळी सांगितले. ती म्हणाली, “मले मालूम होतं. तुमचं अक्षर मी ओळखते.” रागाने बोलली असती तर बरे वाटले असते.

गारुड्याच्या सांगण्याचा अर्धा भाग अजून बाकी होता. मी डोणीभोवती रोज दोन घागरी पाणी ओतत होते. सहावा, सातवा, आठवा दिवस काही नाही. नवव्या दिवशी फट रिकामी होती. सालदाराने काठीने चाचपून पाहिले. नाग नव्हता, कातही नव्हती.

दहाव्या दिवशी सकाळी जावेचा भाऊ दमणी, दोन बैलांची हलकी गाडी, घेऊन आला. जावेचे गाठोडे आत ठेवले गेले. भाऊ बैलांना पाणी दाखवायला गोठ्याकडे वळला, सालदार डोण सरकवू लागला आणि थांबला.

डोण आणि भिंत यांच्यामध्ये, दगडाच्या धारेला कात अडकली होती. तोंडाकडून सुरू होऊन शेपटीपर्यंत अखंड, बाही ओढून काढावी तशी उलटी झालेली. ओलसर होती. मी ती हाताने मोजली, साडेतीन हात भरली. सालदार म्हणाला, कात ताणून निघते, नाग इतका लांब नसतो. मी ती सुपात ठेवून ओसरीवर आणली आणि डोक्याकडचा भाग उजेडाकडे धरला. दोन गोल, स्वच्छ, काचेसारखे खवले कातीतच होते. एकही तुटला नव्हता.

सासूबाईंनी सूप मांडीवर घेतले. एका खवल्यावर बोट ठेवले, उचलले, पुन्हा ठेवले. मग सालदाराला विचारले, “तुले धुऱ्यावर काती सापडतेत. त्यायले बी असेच डोये असतेत?”

“साऱ्यायलेच, माय. धामनीच्या, दिवडाच्या, कोनाच्याबी पाहा.”

“म्हंजे साऱ्या सापायचे डोये जातेत?”

“जातेत अन येतेत. सालात दोन-तीनदा. लहान पिल्लायचे तर अजून घडीघडी.” सालदार म्हणाला. “आता तितक्या वेळा गवार चिराले सुना कुठून आनायच्या?”

भाऊ हसला. सासूबाई हसल्या नाहीत, पण सालदाराला रागावल्याही नाहीत. मग सूप माझ्या हातात देऊन म्हणाल्या, “तिले म्हना, गाठोडं खाली उतरव.”

जाऊ दाराशीच उभी होती. डोक्यावरचा पदर सारखा करून ती म्हणाली, “राहू द्या आता ते दमणीत. दादा येवढ्या लांबून आला. मी जाते. आनाले कोन येते, तेवढं सांगा.”

आमच्या घरात सुनेला आणायला दीर जातो, नाहीतर सालदार. सासू कधी जात नाही. हे तिलाही माहीत होते. बैल पाण्यातून तोंड काढून फुरफुरले.

“मी येते,” सासूबाई म्हणाल्या. “सोमवारी.”

दमणी गेल्यावर त्या आत जाऊन झोपल्या. रविवारी संध्याकाळपर्यंत मला खात्री नव्हती. सोमवारी पहाटे त्यांनी स्वतः उठून गाडीत जाडी चादर घालून ती जुंपायला लावली, आणि मला म्हणाल्या, “तूबी चाल. तिच्या मायसमोर कागदाचं तू सांग.”

आम्ही किन्हीराजाला पोचलो. जावेच्या आईने पाय धुवायला पाणी दिले. सासूबाईंनी तांब्या घेतला, पण पाय धुण्याआधी माझ्याकडे पाहिले. गवार मीच चुकून पंचमीच्या यादीत लिहिली होती, हे मी उभ्याउभ्याच सांगितले.