वटायच्या आधीचे पैसे

आबाजींनी तीस वर्षं कर्जतच्या एका बँकेत दफ्तरी म्हणून काम केलं. आदल्या दिवसाची व्हाउचरं क्रमाने लावायची, दाभणाने टोचायची, दोऱ्याने शिवायची, पाठीवर तारीख लिहून माळ्यावर ठेवायची. इंग्रजी त्यांना कुणी शिकवलं नव्हतं. शिवताशिवता कागद डोळ्यांपुढून जात आणि एकच अक्षरओळ शंभर वेळा दिसली की ती ओळखीच्या माणसासारखी वाटू लागे. ‘टू’ म्हणजे गेले, ‘बाय’ म्हणजे आले. ‘कॅश’ म्हणजे रोख. ‘सेल्फ’ म्हणजे खातेदार स्वतः येऊन काढून गेला. ‘टीआर’ म्हणजे याच बँकेतल्या एका खात्यातून दुसऱ्यात. ‘सीएलजी’ म्हणजे क्लिअरिंग, दुसऱ्या बँकेतून येणारा किंवा तिकडे जाणारा चेक.

निवृत्त झाल्यावर हे एवढं ज्ञान आपल्या गावी, दहिवलीत, त्यांना पुरून उरलं. संध्याकाळी ओट्यावर बसले की कुणी ना कुणी पासबुक घेऊन येई. ते चष्मा लावत, बोट ओळीवरून खाली नेत आणि शेवटच्या आकड्यावर थांबत. त्या थांबण्यात त्यांना सुख होतं. समोरचा माणूस श्वास धरून बघतो आहे आणि आपण बोलेपर्यंत त्याचे पैसे त्याचे नाहीत, असं काहीसं ते सुख होतं.

एकोणनव्वदच्या मे महिन्यात, मंगळवारी दुपारी, पोपट टेंपोवाला त्यांच्या ओट्यावर आला. गोदूबाई त्याच्या मागे होती, पदर घट्ट ओढून घेतलेली.

गोदूबाई भाताचा पेंढा विकत असे. नवरा गेल्यापासून आसपासच्या गावांतून पेंढा गोळा करायचा, पोपटच्या टेंपोतून कुंभिवलीला न्यायचा आणि काचेच्या बाटल्या खोक्यांत भरणाऱ्या एका कारखान्याला द्यायचा. कारखाना तिला चेकने पैसे देई. पोपटचं भाडं तीही चेकने देऊ लागली होती, कारण मागच्या वर्षी रोख दिलेले पैसे पोचलेच नाहीत असं पोपट म्हणाला होता.

“आबा, हे वाचा,” पोपट म्हणाला. त्याने खिशातून एक छापील चिठ्ठी काढली. “काकीचा चेक परत आला. साडेतीन हजाराचा. माझा मेव्हणा पनवेलला वकिलाकडं कारकून हाय. तो म्हणतो, एप्रिलपासनं नवा कायदा झालाय. चेक परत आला की एक वरीस आत.”

“आत म्हंजे?” गोदूबाईने विचारलं.

“आत म्हंजे आत, काकी. तिथं पेंढ्यावरच निजायचं. तुला काय नवीन नाय.”

गोदूबाई हसली नाही. तिने आबाजींकडे पाहिलं. “आबा, तुमीच म्हनालात ना, लिही म्हून?”

आबाजींना शुक्रवार आठवला. शुक्रवारी तिने बँकेत कारखान्याचा चेक भरला होता आणि येताना पासबुक घेऊन आली होती. त्यांना ती ओळ अजून डोळ्यांसमोर दिसत होती. ‘बाय सीएलजी’, चार हजार दोनशे. शिल्लक चार हजार पाचशे बारा. ते म्हणाले होते, “लिही पोपटचा चेक बिनधास्त. वहीत आलेत पैसे.”

त्यांनी चिठ्ठी घेतली. परतीच्या कारणांची छापील यादी आणि त्यातल्या एका ओळीपुढे निळ्या शाईची खूण. या चिठ्ठ्या त्यांनी नोकरीत क्वचितच पाहिल्या होत्या. खुणेपुढची ओळ ते ओठ हलवत वाचत राहिले. ‘पैसे अपुरे’ ही ओळ वेगळी होती, तिच्यापुढे खूण नव्हती. खूण जिच्यापुढे होती तिचा अर्थ त्यांनी लावला: रक्कम अजून वटलेली नाही, चेक पुन्हा सादर करावा.

“पैसे नाहीत असं नाही म्हटलेलं,” ते म्हणाले. “अजून वटायचे होते, एवढंच. पुन्हा भर.”

“आमच्या बँकेतला पण तेच बोलला. भरला मी परत. उद्या सकाळी जाईल तुमच्या बँकेत.” पोपट पायरी उतरला. “पन दुसऱ्यांदा आला ना आबा, तर मी काय बघायचा नाय. टेंपोचा हप्ता हाय माझा.”

गोदूबाई गेली नाही. ओट्याच्या कडेला बसून राहिली.

“पोलीस घरी येतात का हो?”

“काही होत नाही गं.”

“आमच्या आळीत आजपर्यंत कुनाच्या दारात पोलीस नाय आला. येताना टोपी काढून आले तर बरं. लोकांना वाटंल पावना हाय.”

त्या रात्री आबाजी पडून राहिले. त्यांची बायको कोंडी दोनदा म्हणाली, “झोपा आता.” ते छताकडे बघत होते. त्यांना एकच गोष्ट छळत होती. पैसे वहीत लिहिलेले होते. लिहिलेलं, आणि नसलेलं. तीस वर्षांत असं कागदावर कधी पाहिलं नव्हतं. आणि मग हळूहळू कळलं का पाहिलं नव्हतं. त्यांच्या हातात व्हाउचर यायचं ते सगळं झाल्यावर, दुसऱ्या दिवशी. परत गेलेला चेक शिवणीत येतच नसे. तो आपल्या चिठ्ठीसकट बाहेरच्या बाहेर परत जाई. आपण आयुष्यभर फक्त पोचलेले कागद शिवले. वाटेत मेलेले आपल्याला कुणी दाखवलेच नाहीत. आणि त्या भरवशावर आपण गावाला शिल्लक सांगत आलो.

मग कारखान्याचा चेकही वाटेतच मेला असला तर?

बुधवारी बँक उघडायच्या आधी ते गोदूबाईला घेऊन पायरीवर उभे होते. आत खातेवह्यांच्या टेबलावर विमलबाई बसत. आबाजी नोकरीत असताना त्या नवीन लागल्या होत्या.

“आबाजी, आज लवकर? पेन्शन नाही, काही नाही, तरी बँक सुटत नाही तुम्हाला.”

“बाई, हिचं पासबुक जरा भरून द्या.”

विमलबाईंनी खातेवही उघडली, पासबुकात तीन ओळी लिहिल्या आणि वळवून पुढे केलं. आबाजींनी बोट ठेवलं.

पंधरा मे. ‘टू चार्जेस’, पाच रुपये. हे पोपटचा चेक परत केल्याचे. रक्कम कुठेच नाही, कारण दिलीच नाही.

सोळा मे. ‘टू सीएलजी रिटर्न’, चार हजार दोनशे. त्याच्याखाली पुन्हा ‘चार्जेस’, पाच.

शिल्लक तीनशे दोन.

“म्हंजे काय झालं?” गोदूबाईने विचारलं. तिने त्यांचा चेहरा वाचला होता. तो वाचायला तिला शाळा लागली नव्हती.

विमलबाईंनी खणातून कारखान्याचा चेक काढला. त्याला टाचणीने तशीच एक चिठ्ठी लावलेली होती. “हिने भरलेला चेक काल परत आला. हे बघा, तारखेत एप्रिलचा मे केलाय. खाडाखोड केली तर चेक देणाऱ्याने तिथे पुरी सही करायला हवी. ती नाही. कारण तेवढंच आहे. सही आणा, परत लावू.”

“त्यांच्या कारकुनानं माझ्यासमोरच गिरवला,” गोदूबाई म्हणाली. “मीच म्हनाले, तारीख जुनी झाली वाटतं.”

“पण शुक्रवारी ‘बाय’ लिहिलं होतं बाई,” आबाजी म्हणाले.

“चेक आला की आम्ही जमा लिहितो, आबाजी. द्यायचे मात्र वटल्यावर. सोमवारी हिचा साडेतीन हजाराचा आला तेव्हा कारखान्याचा वटायचा होता, म्हणून ‘पुन्हा सादर करा’ लिहिलं. आता तर तो उलटलाच.”

“आणि आज तो साडेतीन हजाराचा पुन्हा येणार आहे.”

विमलबाईंचा हात खातेवहीवर थांबला. “आज?”

“आज सकाळच्या गठ्ठ्यात.”

“मग आज ‘वटायचे आहेत’ असं लिहिता येणार नाही. आज ‘पैसे अपुरे’च लिहावं लागेल. नवा कायदा त्या कारणासाठी आहे.”

आबाजींनी भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहिलं. सव्वादहा. दुसऱ्या बँकेचा शिपाई अकराच्या सुमाराला चेकांचा गठ्ठा घेऊन येत असे. कुंभिवलीला जाऊन सही आणून परत यायला दुपार झाली असती, आणि आणली तरी तो चेक उद्याच बाहेर पडला असता. पोपटला गाठून चेक थांबवावा, तर पोपट पहाटेच खेप घेऊन रसायनीकडे गेला होता. गोदूबाई त्यांच्या बोटाकडे बघत होती, जे अजून तीनशे दोनवर होतं.

त्यांच्या स्वतःच्या खात्यात साडेतीन हजारांहून थोडे जास्त होते. पावसाच्या आत मागच्या पडवीवर पत्रे टाकायचे होते. कोंडीने पत्रे मोजूनही ठेवले होते.

“बाई,” ते म्हणाले, “माझ्यातून हिच्यात करा. तेहतीसशे.”

“आबा, असं नका करू,” गोदूबाई म्हणाली.

“तू गप गं.”

त्यांनी स्लिप भरली. सही दोनदा करावी लागली, पहिली नमुन्याशी जुळेना. विमलबाईंनी दोन्ही खाती उघडली, एकात लिहिलं, दुसऱ्यात लिहिलं, आणि कागद सहीसाठी अधिकाऱ्याकडे गेला. आबाजी जाळीला धरून उभे राहिले. ‘बाय टीआर’. हे तरी खरं ना? दोन्ही वह्या याच टेबलावर. वाटेत काही मरायला जागाच नाही. असं ते मनाशी म्हणत होते आणि तरी विश्वास बसत नव्हता. शुक्रवारपर्यंत त्यांना ‘सीएलजी’चीही खात्री होती.

अकरा वाजून पाच मिनिटांनी शिपाई आला. गठ्ठा सुटला. गोदूबाईची डावीकडे झुकलेली सही आबाजींनी लांबूनच ओळखली. विमलबाईंनी चेक पाहिला, खातं पाहिलं, लेखणी उचलली, आणि तेवढ्यात कुणीतरी त्यांना चेकबुकाविषयी विचारायला आलं. त्या बोलत राहिल्या. लेखणी हवेत होती.

मग विमलबाईंनी लिहिलं. ‘टू सीएलजी’, साडेतीन हजार. शिल्लक एकशे दोन.

“झालं,” विमलबाई म्हणाल्या. “आणि आबाजी, परत आला असता तरी पोलीस काही लगेच दारात येत नाहीत. आधी लेखी नोटीस येते. मग पैसे भरायला पंधरा दिवस असतात. विचारायचंत तरी.”

विचारायचंत तरी. हेच तीस वर्षांत त्यांनी कधी केलं नव्हतं.

बाहेर पायरीवर आले तेव्हा ऊन चढलं होतं. आबाजींनी कठड्याला हात टेकला.

“गोदू, चूक माझी होती. मला वाचता आलं, कळलं नाही.”

“ते मला कालच कळलं,” गोदूबाई म्हणाली. “तुमी ‘काही होत नाही’ म्हनालात तेव्हा. तुमी कधी असं बोलत नाय, आकडा सांगता.” तिने कारखान्याचा चेक पिशवीत नीट ठेवला. “सही देतील ना वो ते?”

“माहीत नाही,” आबाजी म्हणाले. “चल, मी येतो.”

एस्टी स्टँडकडे वळताना दहिवलीचा सखा समोर आला. त्याने रस्त्यातच पासबुक उघडून त्यांच्यापुढे धरलं. “आबा, बियाण्याला काढायचेत. बाकी किती हाय बगा जरा.”

शेवटच्या ओळीत ‘बाय सीएलजी’ होतं, आदल्याच दिवसाचं. आकडा स्वच्छ आणि ठळक होता. आबाजींनी बोट त्याच्यावर न ठेवता पासबुक मिटलं.

“आत विमलबाई बसल्यात. त्यांना विचार, हे वटलेत का. मग काढ.”

“वाचा की तुमी.”

“वाचलं,” आबाजी म्हणाले, आणि सखा बँकेच्या पायऱ्या चढून आत जाईपर्यंत गोदूबाईला थांबवून तिथेच उभे राहिले.