बठ्ठं खादं

धुळ्याच्या रुग्णालयात सकाळी आठला पाळी बदलत होती. दिवसपाळीच्या नर्सने माझ्या मधुमेही वडिलांना विचारले, "आबा, खाल्लं का?"

"बठ्ठं खादं," वडील म्हणाले. कुणाला त्रास नको म्हणून ते नेहमी 'सगळं खाल्लं' असेच सांगत. मी नुकताच घरून आलो होतो; खाटेजवळचा डबा न उघडताच मीही मान डोलावली. फाइलमधील रोजच्या आदेशाप्रमाणे तिने इन्सुलिन भरले.

तेवढ्यात रात्रपाळीची नर्स खाटेपाशी येऊन आपली नोंद वाचू लागली. "रुग्ण 'खादं' म्हणतो, पण रात्रीचा डबा तसाच आहे. पाच वाजता घाम, साखर ५२. डॉक्टरांना फोन करून शिरेतून ग्लुकोज दिले. सव्वापाचला ११८. साखर पुन्हा तपासून डॉक्टरांना विचारल्याशिवाय सकाळचे इन्सुलिन देऊ नये."

"कादंबरी लिहितेस की काय?" दिवसपाळीची म्हणाली. तरी तिने साखर तपासली. ७१ होती. डॉक्टरांनी इन्सुलिन थांबवले. ते दिले असते तर वडील बेशुद्ध पडले असते, कदाचित उठलेही नसते.

घरी सोडले त्या दुपारी मी डॉक्टरांना पेढे दिले. ती नोंद लिहिणारी नर्स रात्री येणार होती. आम्ही थांबलो नाही.

"पेढा बठ्ठासले दिधात ना?" सगळ्यांना पोचले का, हे वाटेत वडिलांनी विचारले.

"बठ्ठासले," मी म्हणालो.