उत्तर आलं की थांबायचं

जयमाला भिंगारदिवेइतकी उतावळी बाई आमच्या नगरच्या पंप कारखान्यात दुसरी नव्हती. १९९९ साली तिने प्रोग्राम लिहिला: गिऱ्हाइकाला पाठवलेल्या दरपत्रकाबद्दल दर चौथ्या दिवशी आठवणीची ईमेल जायची, त्याच्या पत्त्यावरून उत्तर किंवा 'रजेवर आहे' असा आपोआप निरोप आला, की थांबायची.

एका गिऱ्हाईक कंपनीच्या साहेबाचं उत्तर त्याच्या सेक्रेटरीच्या पत्त्यावरून आलं. प्रोग्रामने ते ओळखलंच नाही. आणखी तीन आठवणी गेल्या, साहेब भडकला.

जयमालाने जेवणाचा डबा न उघडता दुरुस्ती केली. आता पत्ता नव्हे, उत्तरासोबत परत येणारा मूळ ईमेलचा क्रमांक जुळवायचा.

लगेच राहुरीला आईला दिवसातला चौथा फोन. "आई, आता उत्तर आलं की मशीन गप्प बसतं. गोळी घेतली ना?"

"सकाळीच व्हय म्हनलं की! मशीनला कळलं, तुला कधी कळायचं?"