साडेआठ कोटींची उलाढाल

उलाढाल हा शब्द मला अजूनही नकोसा वाटतो. शब्दाचा दोष नाही. दोष आहे तो शब्द तोंडात घोळवून माणसांना घाबरवणाऱ्या आमच्या साहेबांचा, आणि थोडा माझाही.

साहेब सीए होते. उल्हासनगरात कॅम्प चारला त्यांचं ऑफिस होतं आणि मी तिथं नोकरीला होते. लोकांची रिटर्न तयार करायची, कल्याणच्या इन्कम टॅक्स ऑफिसात नेऊन द्यायची, पोचपावतीवर शिक्का घेऊन यायचं, हे माझं काम. आजूबाजूला सगळी सिंधी दुकानं, त्यामुळे बदलापूर-अंबरनाथची मराठी माणसं आमच्याकडे 'आपला माणूस' म्हणून यायची. साहेबांना ते पक्कं ठाऊक होतं. मराठी गिऱ्हाईक आलं की ते खुर्चीतून अर्धे उठायचे, गावाची चौकशी करायचे, चहा मागवायचे. फी मात्र कुणालाच सोडायचे नाहीत.

काकांना तिथं मीच नेलं. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हे.

काका म्हणजे माझ्या वडिलांबरोबर अंबरनाथच्या कारखान्यात वीस-बावीस वर्षं काढलेला माणूस. अंबरनाथ पश्चिमेला आमची घरं शेजारी शेजारी होती. विहाराच्या वर्गणीचा हिशेब काकांकडे असायचा आणि त्यात कधी चार आण्यांचाही फरक पडला नाही. असा माणूस व्हीआरएस घेतल्यावर बदलापूरला एका सबब्रोकरच्या ऑफिसात स्क्रीनसमोर जाऊन बसायला लागला. निफ्टीचे फ्युचर्स, म्हणजे बाजाराच्या निर्देशांकाचे वायदे. आज घ्यायचे, उद्या विकायचे. दोन हजार आठच्या जानेवारीत बाजार कोसळला तेव्हा वर्षाचा एकूण तोटा चार लाख ऐंशी हजारांवर गेला होता. काकांनी तो धंदा बंद केला आणि उरलेल्या पैशांतून बदलापूरजवळ सोनिवलीला नळ-पाइपांचं दुकान टाकलं, बिऱ्हाडही दुकानाच्या मागच्या खोलीत हलवलं. तिथं नव्या इमारती उठत होत्या, त्यामुळे दुकान पहिल्या महिन्यापासून चाललं.

काकू त्यांच्याशी जेवण वाढण्यापुरतं बोलत होत्या.

"गेलेल्या पैशाचं कसलं रिटर्न भरायचं?" काका मला म्हणाले. मी त्यांना समजावलं. दोन-तीन वर्षांपूर्वी कायदा बदलला होता. शेअर बाजारातलं फ्युचर्स-ऑप्शन्स आता कायद्याच्या लेखी सट्टा नव्हतं, धंदा होता. त्यामुळे त्यातला तोटा हा धंद्यातला तोटा. पगारातून तो वजा होत नाही, पण पुढची आठ वर्षं धंद्याच्या नफ्यातून वजा करता येतो. दुकानाचा नफा हा धंद्याचाच नफा. अट एकच, रिटर्न मुदतीत भरलं पाहिजे.

"म्हणजे बुडालेले पैसे परत?"

"परत नाहीत काका. पण दुकानाच्या नफ्यावर दोनेक वर्षं टॅक्स लागणार नाही."

जानेवारीनंतर पहिल्यांदा त्यांचा चेहरा जरा उजळला. घरी जाऊन ते काकूंना म्हणाले, अगदीच पाण्यात नाही गेले पैसे. काकूंनीच मला हे नंतर सांगितलं. त्या माणसाला टॅक्स वाचण्यापेक्षा हे एक वाक्य बायकोसमोर खरं करून दाखवायचं होतं.

साहेबांनी काकांचे कागद पाहिले. कॅल्क्युलेटर पुढं ओढला. प्रत्येक खरेदीची पूर्ण किंमत, प्रत्येक विक्रीची पूर्ण किंमत, सगळं बेरजेत घेतलं आणि कॅल्क्युलेटर काकांकडे वळवला.

"साडेआठ कोटी. ही तुमची उलाढाल."

काकांनी हातातली बशी टेबलावर ठेवली. ज्या माणसानं आयुष्यात लाखाचा चेक एकदाच पाहिला, त्याला कुणी कोटी म्हटल्यावर काय होणार?

"चाळीस लाखांच्या वर उलाढाल गेली की ऑडिट सक्तीचं," साहेब मायेनं म्हणाले. "नाही केलं तर उलाढालीच्या अर्धा टक्का दंड. घाबरू नका, एक लाखाच्या वर लावत नाहीत. मी आहे ना. ऑडिटचे पंधरा हजार होतील. आणि ऑडिट असलं की रिटर्नला तीस सप्टेंबरपर्यंत मुदत मिळते, जुलैची धावपळ नको."

काकांनी हात जोडले. मी शेजारी उभी होते आणि मलाही ते सगळं खरंच वाटलं.

डोळे उघडले ते एका सिंधी सेठमुळे. जीन्सचा कारखाना त्यांनी मुलाच्या नावावर केला होता आणि दुपारी ते स्वतः फ्युचर्स करायचे. जुलैच्या तिसऱ्या आठवड्यात ते रिटर्न भरायला आले. त्यांचे सौदे काकांच्या तिप्पट, पण ऑडिट नाही. मी त्यांच्या खरेदी-विक्रीची बेरीज करायला घेतली, तर त्यांनी माझ्या कागदावर बोट ठेवलं.

"बेटा, सौदे मत जोड़. फरक जोड़. माल तो आया ही नहीं, आया-गया सिर्फ फरक."

सौद्यात नफा झाला तर नफ्याची रक्कम, तोटा झाला तर तोट्याची, दोन्ही बेरजेतच घ्यायच्या. ऑप्शन विकले असतील तर मिळालेला प्रीमियमही त्यात मिळवायचा. ही उलाढाल. साहेबांच्या कपाटात ऑडिटचं जाड पुस्तक होतं, त्यातही हेच छापलेलं होतं. त्या पानावर साहेबांनी पेन्सिलीनं खूणसुद्धा केलेली होती. ती खूण पाहून मला जी शिसारी आली ती आजही गेलेली नाही. न कळणं मी समजू शकते. यांना कळत होतं. सेठना हिशेब येतो म्हणून त्यांना एक माप, आणि काकांना येत नाही म्हणून त्यांना दुसरं.

काकांनी ऑप्शन केलेच नव्हते. मी त्यांचे फरक जोडले. नफ्याचे सौदे मिळून तीन लाख दहा हजार, तोट्याचे सात लाख नव्वद हजार. उलाढाल अकरा लाख. चाळीस लाखांच्या जवळपासही नाही.

पंधरा हजारांचं दुःख मी गिळलं असतं. खरी गोम पुढं होती. ऑडिट लागतच नसेल तर सप्टेंबरची मुदतही लागू नाही. स्वतःच्या हौसेनं ऑडिट केल्यानं मुदत वाढत नसते. काकांची मुदत होती एकतीस जुलै. ती चुकली की रिटर्न उशिराचं, आणि उशिराच्या रिटर्नमधला तोटा पुढच्या वर्षी नेता येत नाही.

मी केबिनमध्ये जाऊन साहेबांना हे सांगितलं.

"ऑडिट सेफ साइड असतं," ते वर न बघता म्हणाले.

"पण सर, तोटा जाईल त्यांचा."

"कोण बघतंय एवढं? तू तुझं काम कर."

कुंपणानंच शेत खायचं ठरवलं होतं. मग मी घरी बसून काकांचं रिटर्न स्वतः भरलं. सगळे रकाने, सगळे आकडे. महिना संपायच्या आधीच्या रविवारी बदलापूरला उतरून रिक्षानं सोनिवलीला गेले. काका दुकानाच्या मागच्या खोलीत जेवत होते. मी फॉर्म पुढं ठेवला, अकरा लाखांची बेरीज दाखवली, मुदतीचं सांगितलं.

"फक्त सही करा. उद्या मी कल्याणला नेऊन देते. एक पैसा भरायचा नाहीये."

काकांनी हातातला घास संपवला. मग म्हणाले, "साहेब साडेआठ कोटी म्हणतात, तू अकरा लाख म्हणतेस. आता एवढा शिकलेला माणूस चुकणार, आणि तू बरोबर?"

"चुकले नाहीत ते, काका. तुम्हाला फसवतायत."

"हळू बोल. आपल्या माणसाबद्दल असं बोलू नये."

मी त्यांच्या डोळ्यांसमोर लहानाची मोठी झाले होते. माझ्या बारावीचे पेढे त्यांनी वाटले होते. पण पिकतं तिथं विकत नाही. शेजारच्या खोलीतली पोरगी, तिला काय कळणार? काकू दारात उभ्या राहून ऐकत होत्या. त्या म्हणाल्या, "करून टाका की सही, पोरगी एवढी पावसापाण्याची आलीय." काकांनी फॉर्म माझ्याकडे सरकवला आणि माझ्यासमोरच साहेबांना फोन लावला. खात्री करायला. मी काय काय म्हणाले ते सगळं त्यांनी सांगितलं, आणि दुसऱ्या बाजूचं ऐकून समाधानानं मान हलवली.

सोमवारी साहेबांनी मला विचारलं की घरोघरी सल्ले वाटायला ते मला पगार देतात का. मी नाही म्हणाले आणि जागेवर जाऊन बसले. घरी माझ्या पगाराची गरज होती, हे खरं आहे. ते पुरेसं कारण आहे का, हे मी स्वतःला अनेकदा विचारलंय आणि मला माझं उत्तर आवडत नाही. सप्टेंबरच्या शेवटी काकांचं रिटर्न, ऑडिट रिपोर्ट आणि साडेआठ कोटींचा आकडा घेऊन कल्याणच्या रांगेत मीच उभी राहिले. शिक्काही मीच आणला.

पुढच्या वर्षी साहेबांनी दुकानाच्या नफ्यातून तो तोटा वजा केला, टॅक्स शून्य दाखवला, काका पेढे घेऊन आले. आणि त्याच वर्षी आधीच्या रिटर्नवर कल्याणहून नोटीस आली. तिथल्या अधिकाऱ्यानं फरकच जोडले. अकरा लाख. ऑर्डरमध्ये सरळ लिहिलं होतं की ऑडिट लागू नव्हतं, म्हणून मुदत एकतीस जुलै होती, रिटर्न सप्टेंबरात आलं, सबब तोटा पुढे नेता येणार नाही. शून्य दाखवलेला टॅक्स आता व्याजासकट भरायचा, आणि पुढच्या नफ्यावरही पूर्ण टॅक्स. माझ्या त्या रविवारच्या बोलण्यातली सगळी वाक्यं त्या कागदावर होती, फक्त सरकारी भाषेत.

काका ऑर्डर घेऊन अंबरनाथला आमच्या घरी आले. मला वाटलं, आता साहेबांना शिव्या घालतील. त्यांनी खिशातून चेकबुक काढलं.

"साहेब म्हणाले, अपील करू. अधिकारी अडाणी आहे म्हणाले. अपिलाची फी वीस हजार. चेक तू लिही, तुझं अक्षर चांगलं आहे."

साहेबांची किळस जुनी होती, पण त्या क्षणी मला या साध्या, कष्टाळू, हिशेबाच्या पक्क्या माणसाचीही किळस वाटली, आणि तसं वाटल्याबद्दल स्वतःची. मी उठले, ट्रंकेतून तो जुलैचा फॉर्म काढला आणि चेकबुकावर ठेवला.

काकांनी चष्मा लावला. पहिल्यांदाच फॉर्म नीट वाचला. विहाराचा हिशेब तपासायचे तसं प्रत्येक ओळीवर बोट ठेवून वाचला. अकरा लाखांवर थांबले, ऑर्डरमधला आकडा पाहिला, पुन्हा फॉर्म पाहिला. शेवटच्या पानावरची मोकळी जागा त्यांना सापडली.

"इथं ना?" त्यांनी विचारलं आणि माझं पेन मागितलं. "आता करतो सही. आता करून चालेल का?"

आई आतून चहा घेऊन आली तेव्हा मी फॉर्मखालचं चेकबुक ओढून मिटत होते, पेन अजून माझ्याच हातात होतं.