निकाल रद्द करणारा कायदा

विधानसभेच्या सचिवालयात वीस वर्षं विधेयकं टाइप केली, तेवढ्या भांडवलावर मी मुलीला घटना शिकवायला गेलो. दिवाणी न्यायाधीशाच्या परीक्षेची, वयाच्या अटीमुळे, तिची ही शेवटची खेप होती. सत्ताविभाजनाचं उत्तर ती मोठ्यानं म्हणत होती: सभागृह सरकारला जाब विचारतं, न्यायालय कायदा घटनेशी ताडून पाहतं. मी मध्येच तोंड घातलं.

"अन् निकाल पटला नाही तर सभागृह कायदा करून तो रद्द करते. असं विधेयक मी सोता टाइप केलं आहे."

"पक्का ना, बाबा?"

"हव ना, बेटा!"

पेपरात तिनं तेच लिहिलं. घरी येऊन पुस्तक उघडलं तेव्हा कळलं, की सभागृह कायद्यातला दोष मागच्या तारखेपासून दुरुस्त करू शकतं, त्यानं निकालाचा आधार जातो. पण नुसता निकालच रद्द ठरवणं म्हणजे न्यायाधीशाच्या खुर्चीत बसणं. मी टाइप केलेल्या विधेयकातही आधी दुरुस्तीच होती. निकाल रद्द म्हणणारं शेवटचं कलम तेवढं मी लक्षात ठेवलं होतं.

यादीत तिचा नंबर नव्हता. त्या ओळीनं गेला की आणखी कशानं, ते कोण सांगणार?

"जाने दो, बाबा," म्हणत तिनं खोलीचं दार लावून घेतलं. मी बाहेरूनच समजावत राहिलो.

बायको म्हणाली, "तिनं विचारलं तवा 'मले माहीत नाही' म्हणायचं होतं. आता आत जा अन् काही सांगू नका. नुसते बसा तिच्यापाशी."