तीन ठिपके

शाळेने बोलावलं होतं ते खरं तर बायकोला. खालापूरच्या बाजारात आमचं चष्म्याचं दुकान. मी पुढे बसून गिऱ्हाइकाचे डोळे तपासणार, गप्पा मारणार. ती आतल्या खोलीत मशीनवर काचा घासून फ्रेममध्ये बसवणार. कळंबकडच्या एका शाळेच्या मुख्याध्यापिका आमच्या जुन्या गिऱ्हाईक. शाळेत करिअर दिवस आहे, मुलांना चष्मा कसा तयार होतो ते सांगा, असं त्या तिला म्हणाल्या. ती लाजली, पण हो म्हणाली. पुढे पावसाळ्यात तापाचं निमित्त झालं आणि आठवड्यात ती गेली.

बाईंनी मला फोन करून सांगितलं, नाही जमलं तरी चालेल. मी म्हटलं, येतो. बोलघेवडा माणूस मी, दहा मिनिटं बोलायला काय लागतं?

दाखवायला तिच्याच काचा घेतल्या. तिचा स्वतःचा चष्मा पार ओरखडला होता. नवी तपकिरी फ्रेम आणून ठेवली होती, काचांवर तिने खुणेचे ठिपकेही दिले होते. पण गिऱ्हाइकांचं होऊ दे आधी, असं करत तिचा चष्मा मागेच पडला. त्या दोन गोल काचा पुडीत तशाच होत्या. तिच्या हातचं अर्धं राहिलेलं काम दुकानात तेवढंच उरलं होतं, म्हणून मी त्यांना हात लावत नव्हतो. नेऊ नयेत असं वाटत होतं, आणि नेल्याशिवाय जावंसंही वाटेना.

शाळेत मुलं सतरंजीवर बसली होती. मी सुरुवात केली. आधी नंबर काढायचा. मग दोन बुबुळांमधलं अंतर पट्टीने मोजायचं. ते प्रत्येकाचं वेगळं. ते चुकलं तर नंबर बरोबर असूनही डोकं दुखतं. काच येते ती अशी गोल, बशीसारखी. हल्ली ती प्लास्टिकची असते, आपण सवयीने काच म्हणतो. नंबर तपासायच्या यंत्रात ती धरली की यंत्र तिच्यावर शाईचे तीन ठिपके देतं, एका ओळीत. मधला ठिपका म्हणजे काचेचा मध्य. तो बुबुळासमोर आला पाहिजे. कडेचे दोन ठिपके काच तिरकी बसू नये म्हणून.

बोलता बोलता एक काच हातात घेतली होती. तिच्यावर माझ्या घामेजल्या बोटांचे डाग पडले. काच दाखवायची तर स्वच्छ हवी. एवढ्या वर्षांची खोड. खिशातली बाटली काढून फवारा मारला, फडक्याने पुसली आणि खिडकीच्या उजेडात धरून म्हटलं, हे बघा ते ठिपके.

पुढच्या ओळीतली एक मुलगी म्हणाली, "सर, ठिपके नाय दिसत."

मी बघितलं. काच लख्ख होती. मुलं वाट बघत होती आणि मला त्या फडक्याचा, माझ्या हाताचा भयंकर राग आला होता. मुख्याध्यापिका भिंतीशी उभ्या होत्या. काचा कुणाच्या हे त्यांना मी येताच सांगितलं होतं. त्यांनी मान खाली घातली.

"माझ्याकडून पुसले गेले," मी म्हटलं.

"मग परत देता येतात?" त्याच मुलीने विचारलं.

"येतात. काचेचा मध्य हलत नाही. जाते ती शाई."

खरं तेच सांगितलं. मग दुसरी काच दाखवून पुढचं उरकलं. ठिपके धरून काच मशीनला लावायची, पाण्याच्या धारेखाली फ्रेमच्या आकारात घासायची, कडेला धार ठेवायची म्हणजे ती फ्रेमच्या खाचेत बसते. दांड्या गरम हवेने वाकवून कानामागे नीट करायच्या. आणि सगळं तपासून झालं की ठिपके शेवटी पुसायचे. मुलांनी टाळ्या वाजवल्या. ऑफिसात चहा होता. बाईंनी बिस्किटं पुढे केली.

दुकानात आलो आणि तिच्या यंत्रावर ती काच धरली. खटका दाबला. तीन ठिपके उमटले. बरोबर आले का म्हणून दुसरी काच शेजारी ठेवली, ही उचलून बघितली, ती उचलून बघितली, उजेडात फिरवल्या. अगदी सारखे होते. तिचा नंबरही दोन्ही डोळ्यांना एकच. खाली ठेवताना लक्षात आलं, की तिने दिलेले ठिपके कुठल्या काचेवरचे, ते आता मला सांगता येत नाही.

फ्रेम शेजारीच होती. काचा घासायला घेतल्या नाहीत. दोन्ही काचा पुडीत घातल्या, आणि आता दोन्ही तिच्याच म्हणून जपतो.